बुडालेली उधारी परत आली, तर वहीत कुठे मांडायची?

सांगलीत रंगांचा घाऊक धंदा करणारा एक दुकानदार आहे असे समजू. जून २०२२ मध्ये त्याने एका रंगकाम ठेकेदाराला २,००,००० रुपयांचा माल दिला. त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे ३६,००० रुपये जीएसटी लागला आणि बिल झाले २,३६,००० रुपयांचे. ठेकेदाराने निम्मी रक्कम तेव्हाच भरली आणि उरलेले १,१८,००० रुपये तीस दिवसांत देतो म्हणून सांगितले. पुढे त्याची कामे अडली, फोन उचलणे बंद झाले, दुकानावर गेले तर कुलूप. दीड वर्ष हेलपाटे घालून झाल्यावर ३१ मार्च २०२४ रोजी दुकानदाराने ही रक्कम बुडीत म्हणून लिहून टाकली. आणि डिसेंबर २०२५ मध्ये एके दिवशी त्याच्या बँक खात्यात ७०,००० रुपये जमा झाले. पाठोपाठ फोन आला, “शेठ, जुन्या बाकीपैकी थोडे पाठवलेत. राहिलेलेही देतो.”

आनंद आहेच, पण संध्याकाळी नोंद करायला बसलेल्या मुलापुढे प्रश्न उभा राहतो. हे पैसे कोणाच्या नावावर जमा करायचे? ठेकेदाराचे खाते तर शून्यावर आहे. विक्री म्हणावी तर आज काही विकलेले नाही. जुन्या वर्षाचा हिशेब उघडून तिथे दुरुस्त करावे, तर त्या वर्षाचे विवरणपत्र भरून दोन वर्षे होत आली. छोट्या दुकानांच्या वह्यांत अशी रक्कम चुकीच्या जागी गेलेली सर्रास आढळते, आणि ती चूक बहुधा महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही, कारण बँकेची शिल्लक बरोबरच जुळत असते.

योग्य जागा कळायला आधीच्या दोन नोंदी पुन्हा पाहाव्या लागतात. माल दिला त्या दिवशी ठेकेदाराचे खाते २,३६,००० रुपयांनी नावे पडले. समोर विक्री २,००,००० जमा झाली आणि सरकारला द्यायच्या जीएसटीचे ३६,००० जमा झाले. म्हणजे त्या मालाचा नफा २०२२-२३ सालीच धरला गेला आणि त्यावरचा आयकरही त्याच सालच्या हिशेबात आला, पैसे हातात आले असोत वा नसोत. मग ३१ मार्च २०२४ ला बुडीत कर्ज खाते १,१८,००० रुपयांनी नावे टाकले आणि ठेकेदाराचे खाते तितक्याच रकमेने जमा करून बंद केले. बुडीत कर्जाचे ते १,१८,००० रुपये २०२३-२४ च्या नफा-तोटा पत्रकात खर्चाच्या बाजूला गेले. त्या वर्षीचा नफा तेवढ्याने कमी झाला.

आता आलेले ७०,००० रुपये म्हणजे त्या खर्चाचा काही भाग फिरून परत आलेला आहे. खर्च एकदा नफ्यातून वजा झालेला असल्याने परत आलेली रक्कम नफ्यातच मिळवावी लागते, आणि ती ज्या वर्षी आली त्या वर्षाच्या नफ्यात. म्हणून बारावीच्या पुस्तकातली नोंद सरळ आहे: बँक खाते नावे ७०,०००, बुडीत कर्ज वसुली खाते जमा ७०,०००. हे वसुली खाते उत्पन्नाचे, म्हणजे नामधारी खाते. वर्षअखेरीस ते नफा-तोटा पत्रकाच्या जमेच्या बाजूला जाते. ताळेबंदातल्या येण्यांच्या आकड्याला त्याचा स्पर्श होत नाही, कारण हे येणे त्या आकड्यातून दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडलेले आहे. परीक्षेत विद्यार्थी तेरीज पत्रकात ‘बुडीत कर्ज वसूल’ दिसले की ते ऋणकोंमधून वजा करतात, ते याच कारणाने चूक ठरते.

पुस्तकातली ही एकच नोंद हिशेबाच्या दृष्टीने पूर्ण आहे. तरी दुकानाच्या वहीत मला दोन नोंदींची पद्धत अधिक बरी वाटते. आधी रोजकीर्दीत ठेकेदाराचे खाते ७०,००० नावे आणि बुडीत कर्ज वसुली खाते ७०,००० जमा. मग बँक खाते ७०,००० नावे आणि ठेकेदाराचे खाते ७०,००० जमा. टॅलीत पहिली नोंद `F7` च्या जर्नलमध्ये आणि दुसरी `F6` च्या रिसीटमध्ये होते. वसुलीचे खाते `Indirect Incomes` या गटाखाली उघडायचे. नफ्यावर होणारा परिणाम दोन्ही पद्धतींत सारखाच असतो. फरक पडतो तो खतावणीच्या पानावर. एकाच नोंदीत ठेकेदाराच्या पानावर काहीच उमटत नाही, आणि पुढे हाच माणूस पुन्हा उधार मागायला आला तर वही उघडणाऱ्याला एवढेच दिसते की याने १,१८,००० बुडवले. दोन नोंदी असल्या की उशिरा का होईना, त्याने ७०,००० फेडले हेही त्याच पानावर तारखेसह राहते. उधारी द्यायची की नाही हे ठरवताना या माहितीची किंमत मोठी आहे.

पहिल्या नोंदीत रक्कम मात्र ७०,००० च घ्यायची. “राहिलेलेही देतो” या शब्दावर संपूर्ण १,१८,००० पुन्हा येणे म्हणून उभे केले, तर ४८,००० रुपयांचे असे उत्पन्न हिशेबात येते जे हातात आलेले नाही आणि कदाचित येणारही नाही. जेवढे आले तेवढेच जिवंत करावे. बाकीचे आले की त्या दिवशी तशाच दोन नोंदी पुन्हा करायच्या.

मग जुन्या वर्षाचे काय? २०२३-२४ मध्ये १,१८,००० बुडाले म्हणालो, प्रत्यक्षात ७०,००० आले, म्हणजे तो आकडा चुकला नाही का? इथे हिशेबशास्त्राने एक स्वच्छ रेघ ओढलेली आहे. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या पाचव्या लेखा मानकात मागील काळाची चूक आणि अंदाजातला बदल या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये दुकानदाराला जे ठाऊक होते त्यावरून येणे बुडाले असा त्याचा अंदाज होता. फोन बंद, दुकानाला कुलूप, दीड वर्षात एक रुपया नाही. त्या दिवशी तो अंदाज रास्तच होता. नंतर परिस्थिती बदलली, तर बदल ज्या वर्षी कळला त्या वर्षीच्या हिशेबात घ्यायचा. जुने वर्ष उघडायचे कारण नाही.

याउलट एक निराळा प्रसंग पाहा. ठेकेदाराने फेब्रुवारी २०२४ मध्येच चेक दिला होता, तो बँकेत जमाही झाला होता, पण कारकुनाने तो दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या खात्यावर टाकला आणि मार्चअखेरीला या ठेकेदाराची बाकी बुडीत म्हणून काढून टाकली. इथे माहिती हाताशी असताना नोंद चुकली. ही मागील काळाची चूक आहे आणि ती तशी म्हणून वेगळी दाखवावी लागते. तिला बुडीत कर्जाची वसुली म्हणता येत नाही. म्हणून अशी रक्कम आली की पहिली तपासणी पैसे खरोखर आत्ता आले की आधीच आले होते, याची करावी. जुन्या वर्षाचे बँकेचे उतारे आणि त्या काळातल्या बिननावाच्या जमा रकमा एकदा चाळल्या की उत्तर मिळते.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक दिसायला अगदी निरुपद्रवी असते. पैसे ठेकेदाराकडून आले, म्हणून नोंद करणारा ते सरळ ठेकेदाराच्या खात्यावर जमा करतो आणि समोरची वसुलीची नोंद करतच नाही. खाते आधीच शून्यावर असल्याने आता त्याच्या नावावर ७०,००० रुपये जमा बाकी दिसते. वहीच्या भाषेत याचा अर्थ आपणच त्याचे ७०,००० देणे लागतो, जणू त्याने पुढच्या मालाचा ॲडव्हान्स दिला आहे. समजा फेब्रुवारी २०२६ मध्ये त्याने खरोखर ७०,००० रुपयांचा नवा माल उधारीवर उचलला. खाते नावे-जमा सारखे होऊन शून्यावर येते. थकबाकीची यादी काढली तर तिच्यात त्याचे नाव नसते, आणि नव्या मालाचे पैसे मागायला कोणी जातच नाही. बुडालेल्या उधारीतले जे परत आले होते ते नव्या उधारीत निमूटपणे विरून जाते. वर वसुलीचे उत्पन्नही हिशेबात आलेले नसते, त्यामुळे त्या वर्षीचा नफा ७०,००० ने कमी दिसतो आणि पुढे आयकराच्या चौकशीत ते उत्तर द्यावे लागते ते वेगळेच.

ही चूक ओळखायची खूण तेरीज पत्रकातच असते. मार्चअखेरीला गिऱ्हाइकांच्या खात्यांतून ज्यांची बाकी उलट्या बाजूला आहे अशी खाती वेगळी काढावीत आणि प्रत्येकाचे कारण शोधावे. बहुतेक ठिकाणी खरा ॲडव्हान्स किंवा परत आलेला माल निघेल. ज्या खात्यावर मागच्या वर्षांत बुडीत कर्जाची नोंद आहे आणि आता जमा बाकी आहे, तिथे जवळजवळ नक्कीच वसुलीची नोंद राहिलेली असते.

दुसरी चूक विक्री खात्यावर जमा करण्याची. पैसे मालाचेच आहेत असे मनात येते आणि रक्कम विक्रीत जाते. एकूण नफा तेवढाच निघतो, म्हणून कोणाला खटकत नाही. पण नफा-तोटा पत्रकातली विक्री आणि जीएसटीच्या विवरणपत्रांतली विक्री यांच्यात ७०,००० ची तफावत पडते. ती जुळवायच्या घाईत कोणी या रकमेवर १८ टक्के कर आतून काढून भरला, तर १०,६७८ रुपये नाहक जातात. जीएसटी पुरवठ्यावर लागतो. त्या मालाचा पुरवठा जून २०२२ मध्ये झाला आणि त्यावरचे संपूर्ण ३६,००० रुपये दुकानदाराने त्याच वेळी भरले आहेत, पैसे न मिळताही. आपल्या जीएसटी कायद्यात गिऱ्हाईक बुडाले म्हणून भरलेला कर परत मिळत नाही, आणि क्रेडिट नोट काढून तो कमी करण्याची वाटही या कारणासाठी नाही. ब्रिटनच्या व्हॅटमध्ये अशी सवलत आहे, आणि म्हणून तिथे पैसे आले की सवलतीतला तेवढा हिस्सा सरकारला परत करावा लागतो. आपल्याकडे सवलतच नसल्याने परत करण्यासारखेही काही नाही. ७०,००० वर आज जीएसटी शून्य.

मात्र ठेकेदाराने उशिराबद्दल वेगळे व्याज दिले, तर ती गोष्ट निराळी. उशिरा पैसे दिल्याबद्दल घेतलेले व्याज किंवा दंड हा पुरवठ्याच्या किमतीचाच भाग धरला जातो आणि ते हातात येईल त्या दिवशी त्यावर त्या मालाच्या दराने जीएसटी द्यावा लागतो. म्हणून ७०,००० बाकीचे आणि ५,००० व्याजाचे आले असतील, तर सगळे ७५,००० वसुली खात्यात ढकलू नयेत. व्याजाचे खाते वेगळे ठेवावे.

आता आयकर. डिसेंबर २०२५ ची ही वसुली २०२५-२६ सालात येते, आणि त्या सालाच्या उत्पन्नाला १९६१ चा आयकर कायदाच लागतो. त्याच्या कलम ३६ मध्ये बुडीत कर्जाची वजावट आहे. १ एप्रिल १९८९ पासून येणे खरोखर बुडाले आहे हे सिद्ध करण्याची गरज राहिली नाही; ते वहीत बुडीत म्हणून लिहून टाकले की पुरे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या खटल्यात हे स्पष्ट केले. वजावट इतकी सोपी असल्यावर परत आलेल्या रकमेवर कर लावणारी जोडकलम हवीच, आणि ती कलम ४१ च्या चौथ्या पोटकलमात आहे. नियम असा की एकूण येणे आणि मिळालेली वजावट यांच्यातला फरक काढायचा. वसुली त्या फरकाहून जितकी जास्त, तितके वसुलीच्या वर्षाचे व्यवसायाचे उत्पन्न.

आपल्या दुकानदाराला २०२३-२४ मध्ये पूर्ण १,१८,००० ची वजावट मिळाली असेल, तर फरक शून्य आणि आलेले सगळे ७०,००० करपात्र. वहीतला आकडा आणि कराचा आकडा एकच. पण समजा त्या वर्षी त्याच्या सीएने बाकीतले जीएसटीचे १८,००० वजावटीत मागितलेच नव्हते, कारण ती रक्कम विक्रीच्या आकड्यात कधी आली नव्हती. मग वजावट मिळाली १,००,००० ची. येणे १,१८,००० होते, म्हणजे फरक १८,०००. आलेल्या ७०,००० पैकी पहिले १८,००० या फरकात जिरतात आणि करपात्र ठरतात फक्त ५२,०००. वहीत मात्र उत्पन्न ७०,००० च राहते. कराच्या गणनेत नफ्यातून १८,००० वजा करायचे. पुढच्या वर्षी आणखी २०,००० आले तर ते सगळे करपात्र, कारण फरकाची रक्कम एकदाच वापरता येते आणि ती संपलेली आहे.

ज्याची वजावट मिळाली नाही तो हिस्सा आधी भरून निघतो, ही करदात्याच्या बाजूची तरतूद आहे आणि तिचा फायदा अनेकांचा केवळ कागद न सापडल्याने जातो. त्यासाठी बुडीत लिहिलेल्या वर्षाची कर-गणना, आणि त्या वर्षाचा निर्धारण आदेश आला असेल तर तोही, त्या गिऱ्हाइकाच्या फायलीत लावून ठेवावा. वसुली आठ-दहा वर्षांनीही येऊ शकते. तोवर सीए बदललेला असतो, संगणक बदललेला असतो, आणि वजावट किती मिळाली होती हे कोणालाच आठवत नाही.

याच कलमाचे आणखी दोन कंगोरे दुकानदाराच्या उपयोगाचे आहेत. धंदा बंद केल्यावर पैसे आले, तरी ते व्यवसायाचेच उत्पन्न धरले जाते. आणि बुडीत लिहिले त्या वर्षी धंदा तोट्यात होता, त्यामुळे वजावटीचा प्रत्यक्ष फायदा झाला नाही, हे कारणही चालत नाही. वजावटीने तो तोटा वाढला होता आणि तो पुढे ओढला गेला होता. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागतो. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, वजावट घेतलेले येणे परत आले की उत्पन्न धरण्याचे तत्त्व तेच आहे. आणि ज्यांचा हिशेब मुळातच रोखीच्या पद्धतीने चालतो, उदाहरणार्थ बरेच डॉक्टर आणि वकील, त्यांना हा सगळा विषय लागू होत नाही. न मिळालेली फी त्यांच्या उत्पन्नात कधी आलेलीच नसते; ती मिळाली की त्या दिवशीची साधी फी.

राहता राहिले ४८,०००. वहीत बुडीत लिहिणे ही आपली आपल्यापुरती नोंद असते. तिने ठेकेदाराचे देणे माफ होत नाही, त्यामुळे मागणी चालू ठेवायला काही हरकत नाही. पण मुदतीच्या कायद्याप्रमाणे उधारीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. तीस दिवसांची उधारी जुलै २०२२ मध्ये संपली, म्हणजे मधे काही पैसे किंवा लेखी कबुली आली नसेल तर ती मुदत जुलै २०२५ मध्येच सरली. डिसेंबरमध्ये आलेल्या ७०,००० ने ती पुन्हा सुरू होत नाही, कारण मुदत वाढवणारा भरणा मुदत संपण्याआधी व्हावा लागतो. १८७२ च्या करार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने एक दार उघडे ठेवले आहे: मुदत गेलेले देणे फेडण्याचे लेखी आणि सहीनिशी दिलेले वचन कायद्याने बंधनकारक ठरते. फोनवरचे “देतो” त्यात बसत नाही. पावती द्यायच्या निमित्ताने ठेकेदाराकडून दोन ओळींचे सहीचे पत्र घ्यावे. त्यात जून २०२२ च्या बिलाचा क्रमांक, मिळालेले ७०,०००, उरलेले ४८,००० आणि ते फेडण्याचे वचन असावे.

तोच पत्रातला बिल क्रमांक आणखी एका कामाचा आहे. ठेकेदार पुन्हा माल न्यायला लागला, की पुढचे पैसे जुन्या बाकीचे की नव्या बिलाचे, हा प्रश्न दर वेळी येणार. करार कायदा सांगतो की देणाऱ्याने कोणत्या बाकीपोटी हे सांगितले असेल, तर घेणाऱ्याने तिथेच जमा केले पाहिजे. त्याने काही सांगितले नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा ते आपल्या मर्जीने मुदत गेलेल्या बाकीपोटीही धरू शकतो. जुन्या बाकीपोटी धरले की ते बुडीत कर्ज वसुली, म्हणजे उत्पन्न. नव्या बिलापोटी धरले की ते साधे येणे वसूल, नफ्याला काही लागत नाही. एकाच रकमेचा कर इथे बदलतो, म्हणून निर्णय त्याच दिवशी घेऊन पावतीवर आणि नोंदीच्या तपशिलात बिल क्रमांकासह लिहावा. मार्चअखेरीला नफा पाहून तो ठरवत बसू नये.